चौदा केआरए फॉर्म आणि विभागप्रमुखांसाठी एक तक्ता

प्रश्न: आमचा वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. मी एचआरमध्ये आहे. मेंटेनन्स विभागातल्या चौदा जणांचे या वर्षीचे केआरए फॉर्म माझ्याकडे आलेत. विभागप्रमुख म्हणतात, "मला हे सगळं एका पानावर हवंय, उद्दिष्ट, मोजमाप आणि टार्गेट." मी सगळ्या फॉर्ममधला मजकूर एका एक्सेल शीटमध्ये कॉपी केला तर नव्वदच्या आसपास ओळी झाल्या, आणि त्यातल्या निम्म्या एकसारख्याच वाटतात. सारख्या ओळी काढून टाकू का? आणि वेगवेगळे आकडे असतील तर सरासरी घ्यायची की बेरीज करायची?

उत्तर:

सध्या त्या नव्वद ओळींतली एकही ओळ पुसू नका. उलट त्या वाढणार आहेत. फॉर्म भरणारा माणूस एकाच चौकटीत दोन-तीन गोष्टी लिहून मोकळा होतो. "ब्रेकडाऊन कमी करणे, एमटीटीआर सुधारणे व पीएम शेड्यूल १०० टक्के पाळणे" ही तुमच्याकडे एक ओळ असेल, पण त्यात तीन मोजमापं आहेत. एमटीटीआर म्हणजे एका दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ आणि पीएम म्हणजे मशीन बिघडण्याआधीच ठरलेल्या वेळी करायची देखभाल. ती तीन ओळींत फोडा. असं करत गेलात की नव्वदच्या शंभरावर जातील. जाऊ द्या. एका ओळीत एकच मोजमाप असल्याशिवाय पुढचं काही नीट जमत नाही.

ही कच्ची शीट वेगळी ठेवा आणि विभागप्रमुखांना दाखवायचा तक्ता वेगळ्या शीटवर करा. कच्च्या शीटमध्ये प्रत्येक ओळीला एक क्रमांक द्या. त्यापुढे कर्मचाऱ्याचं पद, फॉर्ममधलं मूळ वाक्य जसंच्या तसं, मग तुम्ही काढलेलं मोजमाप, एकक, गेल्या वर्षीचा आकडा, टार्गेट, कालावधी, आकडा कुठून येणार ते, आणि शेवटी "ही ओळ कुठे गेली" असा एक रकाना. हा शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण कुणी येऊन "माझा मुद्दा तक्त्यात नाही" म्हणालं की तोच तुम्हाला वाचवतो. मूळ वाक्याचं शुद्धलेखनही सुधारू नका. तुम्ही लावलेला अर्थ चुकीचा निघाला तर परत जायला ते वाक्य हवं.

एक्सेलबद्दल दोनच गोष्टी. फॉर्मचा नमुना बहुधा Merge & Center करून सजवलेला असतो. कॉपी केल्यावर अशा चौकटींतला मजकूर फक्त पहिल्या ओळीत राहतो आणि खालच्या ओळी रिकाम्या दिसतात, मग सॉर्ट केलं की कुणाचं टार्गेट कुणाच्या नावावर जातं ते कळतही नाही. त्यामुळे सॉर्ट करण्याआधी रिकाम्या जागा भरून घ्या. दुसरं म्हणजे "३ टक्क्यांच्या आत", "किमान ९५" असं लिहिलेलं टार्गेट एक्सेलच्या दृष्टीने निव्वळ मजकूर असतो आणि SUM त्याला मुकाट्याने वगळतो. आकड्यासाठी वेगळा रकाना करा, "आत" किंवा "किमान" हे शेजारी लिहा, आणि टार्गेटचा रकाना J असेल तर ही तपासणी लावून ठेवा:

```
=IF(ISNUMBER(J2),"","तपासा")
```

आता या शंभर ओळींची वर्गवारी. उद्दिष्ट, मोजमाप, टार्गेट ही मांडणी आपल्याकडे बॅलन्स्ड स्कोअरकार्डमधून रूढ झाली. कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये ते मांडलं. पुढे त्याचा जो तक्ता सगळीकडे वापरात आला, त्यात चौथा रकानाही असतो. तो म्हणजे उद्दिष्ट गाठण्यासाठी हाती घेतलेली कामं. आपल्या फॉर्ममध्ये हा रकाना नसतो, म्हणून लोक ती कामंच उद्दिष्ट म्हणून लिहितात. "नवीन कॉम्प्रेसर बसवणे", "सर्व मशीनचे पीएम चेकशीट अपडेट करणे", "स्पेअरची यादी ईआरपीमध्ये टाकणे" ही सगळी कामं आहेत. त्यांना तारीख असते, मोजमाप नसतं. ती बाजूला काढून तक्त्याखाली एका छोट्या यादीत ठेवा: काम, कोण करणार, कधीपर्यंत. एवढ्याने शंभरातल्या तीस-पस्तीस ओळी मुख्य तक्त्यातून सहज बाहेर पडतात.

दुसरा गट वैयक्तिक ओळींचा. "पीएलसी प्रोग्रॅमिंगचे प्रशिक्षण घेणे", "इंग्रजी संभाषण सुधारणे". हे त्या माणसाच्या विकासाचं आहे. विभागाच्या तक्त्यात ते येऊ नये, कारण हा तक्ता पुढे आढावा बैठकीत पडद्यावर दाखवला जातो आणि कुणाचं इंग्रजी कच्चं आहे हे चारचौघांत दिसायचं कारण नाही. शेवटच्या रकान्यात "वैयक्तिक, फॉर्ममध्येच ठेवली" असं लिहा आणि पुढे चला.

उरलेल्या ओळी खऱ्या मोजमापांच्या. त्यांचे आकडे एका भाषेत आणल्याशिवाय एकत्र करू नका. सगळ्यात जास्त फसवतं ते "२५ टक्क्यांनी कमी करणे". समजा मशीन शॉपच्या इंजिनिअरने "ब्रेकडाऊन २५ टक्क्यांनी कमी" लिहिलंय आणि प्रेस शॉपवाल्याने "ब्रेकडाऊन ५ टक्के". कॉपी केल्यावर रकान्यात २५ आणि ५ असे आकडे येतात आणि मशीन शॉपची अवस्था भीषण दिसते. पहिल्याला विचारा, गेल्या वर्षी किती होतं? तो म्हणाला ४ टक्के, तर त्याचं टार्गेट ३ टक्के. प्रत्येक "इतक्याने कमी" आणि "इतक्याने जास्त" असं पायाभूत आकडा शोधून थेट टार्गेटमध्ये बदला. पाया सापडत नसेल तर ते टार्गेट अजून ठरलेलंच नाही, तसं लिहा. तसंच कालावधीचं. "१२ कायझेन" हे वर्षाचे, एकट्याचे की गटाचे? असे प्रश्न एकेका माणसाला ईमेलवर विचारत बसू नका, त्यात पंधरा दिवस जातील. शॉपफ्लोअरवर जाऊन अर्ध्या तासात चौघांना गाठा.

आता बेरीज की सरासरी. उत्तर मोजमापाच्या जातीवर अवलंबून आहे आणि बहुतेक तक्ते इथेच बिघडतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ब्रेकडाऊनचंच घेऊ. तीन इंजिनिअर, तीन शॉप. मशीन शॉपमध्ये वर्षाला ३०,००० मशीन तास उपलब्ध आहेत आणि टार्गेट ३ टक्के. प्रेस शॉपमध्ये १२,००० तास, टार्गेट ५ टक्के. असेंब्लीत १८,००० तास, टार्गेट २ टक्के. तीन टक्केवाऱ्यांची साधी सरासरी ३.३३ येते, आणि ती चूक आहे, कारण प्रेस शॉपच्या १२,००० तासांना मशीन शॉपच्या ३०,००० तासांइतकंच वजन मिळालं. टक्केवारी जिच्यातून आली त्या तासांकडे परत जा. मशीन शॉपचे ब्रेकडाऊन तास ९००, प्रेस शॉपचे ६००, असेंब्लीचे ३६०. बेरीज १,८६०. एकूण उपलब्ध तास ६०,०००. म्हणजे विभागाचं टार्गेट ३.१ टक्के. एक्सेलमध्ये B रकान्यात उपलब्ध तास आणि C मध्ये टक्केवारी असेल तर:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

गेल्या वर्षीच्या आकड्यांनाही हाच हिशेब लावा. मशीन शॉप ४ टक्के म्हणजे १,२०० तास, प्रेस शॉप ६ टक्के म्हणजे ७२०, असेंब्ली २.५ टक्के म्हणजे ४५०. एकूण २,३७०, म्हणजे ३.९५ टक्के. आता विभागप्रमुखांना एका ओळीत दिसतं की ३.९५ वरून ३.१ वर यायचंय, म्हणजे वर्षाला ५१० तास वाचवायचेत. टक्क्यांच्या शेजारी तासही लिहा. पण वर्षाच्या मध्ये तिसरी पाळी सुरू झाली तर उपलब्ध तास वाढतात आणि तासांचं टार्गेट आपोआप बदलतं, म्हणून बांधिलकी टक्क्यांची आणि समजायला तास, असं ठेवा.

भागाकारातून येणारं कुठलंही मोजमाप असंच हाताळायचं: वरचे आकडे वेगळे मिळवा, खालचे वेगळे मिळवा, मग भागा. पीएमचं वेळेवर होणं, प्रति हजार नग वीज, एमटीटीआर, सगळ्यांना हाच नियम.

एमटीटीआरवरून एक तपासणी सांगतो. मेंटेनन्समधले लोक ती तोंडी करतात, पण फॉर्म जमवणारा करत नाही. ब्रेकडाऊनचे तास म्हणजे ब्रेकडाऊनची संख्या गुणिले प्रत्येकाला लागलेला सरासरी वेळ. हे तीन आकडे बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या फॉर्ममध्ये असतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. मशीन शॉपच्या इंजिनिअरचे ९०० तास आहेत. त्याच शॉपच्या शिफ्ट इंजिनिअरने वर्षाला ६०० ब्रेकडाऊन आणि एमटीटीआर ४५ मिनिटं लिहिलंय. ६०० गुणिले ४५ मिनिटं म्हणजे ४५० तास. मग उरलेले ४५० तास कुठले? कुणीही खोटं लिहिलेलं नसतं. शिफ्ट इंजिनिअर फिटरचा हात मशीनला लागल्यापासून मोजतो. इंजिनिअर मशीन बंद पडल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत मोजतो. मधला वेळ फिटर येण्याची वाट पाहण्यात, स्टोअरमध्ये स्पेअर शोधण्यात आणि कधीकधी बाहेरून माणूस बोलावण्यात जातो. विभागप्रमुखांना खरं तर हीच गोष्ट कळायला हवी, कारण निम्मा वेळ दुरुस्तीत जातच नसेल तर फिटरना प्रशिक्षण देऊन ब्रेकडाऊन तास फारसे उतरणार नाहीत.

म्हणून तक्त्याला जोडून व्याख्यांचं एक पान करा. ब्रेकडाऊन किती मिनिटांच्या पुढे धरायचं, पाच की दहा? वेळ कधीपासून कधीपर्यंत? टूल बदलताना मशीन थांबलं तर ते कुणाच्या खात्यात? पीएम "वेळेवर" म्हणजे ठरलेल्या आठवड्यात की त्या महिन्यात? चार फॉर्ममध्ये पीएम १०० टक्के लिहिलेलं असतं आणि चौघांच्या मनात चार वेगळ्या गोष्टी असतात. महिन्याच्या शेवटी घाईघाईने सह्या करूनही १०० टक्के होतात. आठवडा धरला की तोच आकडा ८८ वर येतो. अशा वेळी टार्गेट १०० ठेवायचं की ९५, हे विभागप्रमुखांनी ठरवायचं. तुम्ही फक्त व्याख्या बदलल्याने आकडा बदलला, हे स्पष्ट लिहा.

दुसरी जात बेरजेची. पैशांची बचत, वाचलेली वीज. इथे भागाकाराची भानगड नसते, पण एकच बचत दोनदा मोजली जाते. मशीन शॉप इंजिनिअरच्या फॉर्ममध्ये "आयात स्पेअरऐवजी देशी स्पेअर, बचत १० लाख". स्टोअर इनचार्जच्या फॉर्ममध्ये "स्पेअर लोकलायझेशन, बचत ८ लाख". इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या फॉर्ममध्ये "एअर लीकेज कमी करून ६ लाख". बेरीज २४ लाख दिसते आणि विभागप्रमुख खूश होतात. पहिल्या दोघांकडून स्पेअरची यादी मागवा. स्टोअरवाल्याच्या ८ लाखांतले ६ लाख इंजिनिअरच्या यादीतल्याच स्पेअरचे निघाले, तर नवीन फक्त २ लाख. म्हणजे देशी स्पेअरचे १२ आणि लीकेजचे ६, एकूण १८. यासाठी कच्च्या शीटमध्ये बचतीच्या प्रत्येक ओळीला प्रकल्पाचं एक नाव द्या. दोन ओळींना एकच नाव लागलं की सावध व्हा. दोघांच्या फॉर्ममध्ये आपापला आकडा राहू द्या, दोघांनीही काम करायचंच आहे. विभागाच्या तक्त्यात मात्र ती बचत एकदाच.

बचतीत आणखी एक खोच असते. १८ लाख ही पूर्ण वर्षाची बचत आहे. देशी स्पेअरची चाचणी होऊन ती ऑक्टोबरपासून वापरात येणार असतील तर मार्चपर्यंत त्यांची निम्मीच, म्हणजे ६ लाखांची बचत हातात येईल. लीकेजचं काम एप्रिलमध्येच झालं असेल तर त्याचे ६ पूर्ण. या आर्थिक वर्षाचं टार्गेट १२ लाख. अकाउंट्सवाले हाच आकडा मान्य करतील आणि मार्चमध्ये १८ चा हिशेब मागितला तर विभागप्रमुख अडचणीत येतील. "नवीन मोटर घ्यावी लागली असती, ती रिवाइंड करून वाचवली" असल्या ओळी बचतीत मिसळू नका. तो टाळलेला खर्च आहे, तो वेगळा दाखवा किंवा दाखवूच नका.

तिसरी जात सामाईक टार्गेटची. "अपघात शून्य" चौदाही फॉर्ममध्ये असतं. त्याची बेरीज नाही, सरासरी नाही, ते विभागाचं एकच टार्गेट आहे. एकदा लिहा, जबाबदारीच्या रकान्यात "सर्व". फक्त अपघात म्हणजे कुठला, हे लिहा. कामावर असताना झालेली आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी येता न आलेली इजा एवढंच मोजायचं, की प्रथमोपचाराच्या पेटीतून पट्टी घेतली तेही? शून्य लिहायला सोपं असतं, पण दुसरी व्याख्या घेऊन शून्य लिहिलंत तर लोक पट्टी घेणं नोंदवायचंच बंद करतात.

ओईई, म्हणजे मशीनच्या एकूण परिणामकारकतेची ओळ आली तर थांबून विचार करा. त्यात मशीनची उपलब्धता, वेग आणि मालाची गुणवत्ता असे तीन घटक असतात. पहिल्यावर मेंटेनन्सचा बराचसा ताबा असतो, उरलेल्या दोघांवर थोडा. विभागप्रमुखांच्या तक्त्यात ओईई ठेवायला हरकत नाही, पण शेजारी "उत्पादन विभागासह" असं लिहा.

फॉर्म वर्षानुवर्षं कॉपी होतात हे तुम्हाला सांगायला नकोच. पण कॉपी झालेली शिळी ओळ ओळखायची कशी, याचं आपल्याकडचं एक उदाहरण देतो. इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या फॉर्ममध्ये अजूनही "पॉवर फॅक्टर ०.९९ राखून वीजबिलात इन्सेंटिव्ह मिळवणे" असं असतं. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येतं. आता पॉवर फॅक्टरचा परिणाम बिलाच्या युनिटमध्येच येतो, पूर्वीसारखं वेगळं इन्सेंटिव्ह उरलेलं नाही. पॉवर फॅक्टर सांभाळायचा आहेच, पण "इन्सेंटिव्ह" मोजायला गेलात तर बिलावर ती ओळच सापडणार नाही. अशा ओळीला हळूच मार्ग बदलून द्यावा: उद्दिष्ट "वीजखर्च कमी करणे", मोजमाप "प्रति हजार नग युनिट". म्हणून प्रत्येक मोजमापाला विचारा, आकडा कुठल्या कागदातून किंवा स्क्रीनवरून येणार? ज्याला उत्तर नाही ते मोजमाप तक्त्यात जात नाही.

"टीममध्ये समन्वय वाढवणे", "कामाची गुणवत्ता सुधारणे" अशा ओळींचं काय करायचं हा प्रश्न लवकरच येईल. इथे एचआरच्या माणसाला मोह होतो की आपणच एखादं मोजमाप चिकटवावं, म्हणजे चौकट रिकामी दिसणार नाही. करू नका. समन्वय म्हणजे त्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एखादी नेमकी अडचण असते. विचारलंत तर कळतं की रात्रपाळीचा निरोप सकाळच्या पाळीला मिळत नाही आणि तेच मशीन दोनदा उघडलं जातं. मग मोजमाप आपोआप सापडतं: त्याच मशीनचा तोच बिघाड सात दिवसांत पुन्हा किती वेळा झाला. विचारूनही काही निघालं नाही तर "मोजमाप ठरलेले नाही" असा शेरा मारून ती ओळ विभागप्रमुखांकडे न्या. रिकामी चौकट चालते. कुणीही मान्य न केलेला आकडा मात्र वर्षअखेरीस भांडण लावतो.

वेटेजचा विषय थोडक्यात. कुणाच्या फॉर्ममध्ये ब्रेकडाऊनला ३० टक्के, कुणाच्या ५० टक्के वेटेज असेल. ती त्या माणसाच्या कामाची वाटणी आहे. ती मिळवून किंवा सरासरी काढून विभागाची प्राथमिकता ठरत नाही. वेटेज कच्च्या शीटमध्येच राहू द्या.

एवढं झाल्यावर तक्ता साधारण असा दिसेल:

| उद्दिष्ट | मोजमाप | गेल्या वर्षी | टार्गेट | जबाबदारी |
|---|---|---|---|---|
| मशीन कमी वेळ बंद राहणे | ब्रेकडाऊन तास ÷ उपलब्ध मशीन तास | ३.९५% | ३.०% (फॉर्मनुसार ३.१%) | तिन्ही शॉप इंजिनिअर |
| बंद मशीन लवकर चालू होणे | बंद पडल्यापासून चालू होईपर्यंत सरासरी मिनिटे | नव्या व्याख्येने नोंद नाही | जूनअखेर ठरेल | शिफ्ट इंजिनिअर, स्टोअर |
| पीएम वेळेवर होणे | ठरलेल्या आठवड्यात झालेले ÷ देय | ८८% | ९५% | पीएम प्लॅनर, शॉप इंजिनिअर |
| देखभाल खर्च कमी करणे | या आर्थिक वर्षातील प्रत्यक्ष बचत | – | १२ लाख | मशीन शॉप, स्टोअर, इलेक्ट्रिकल |
| वीजखर्च कमी करणे | प्रति हजार नग युनिट | १,८४० | १,७५० | इलेक्ट्रिकल इंजिनिअर |
| सुरक्षित काम | कामावर न येता येण्याइतकी इजा | १ | ० | सर्व |

पहिल्या ओळीत दोन आकडे मुद्दाम आहेत. समजा प्लँटच्या वार्षिक आराखड्यात मेंटेनन्सला ३ टक्के दिलेत, म्हणजे १,८०० तास. तिघांच्या फॉर्मची बेरीज १,८६० आहे. ६० तास कुणाच्याच अंगावर नाहीत. तक्ता बनवणारे बरेच जण इथे वरचा आकडा लिहून मोकळे होतात, किंवा तिघांचंही टार्गेट गुपचूप थोडं खेचून बेरीज जुळवतात. दोन्हीत ही तूट लपते. ती तशीच दाखवा आणि विभागप्रमुखांना पर्यायही मांडून द्या: हे ६० तास एकट्या मशीन शॉपवर टाकले तर त्याचं टार्गेट ३ वरून २.८ होतं, प्रेस शॉपवर टाकले तर ५ वरून ४.५, असेंब्लीवर टाकले तर २ वरून साधारण १.६७. कुणाला पेलवेल ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कदाचित ते म्हणतील की प्रेस शॉपच्या जुन्या हायड्रॉलिक प्रेसचं ओव्हरहॉलिंग जुलैत धरलंय, ४.५ जमेल. मग प्रेस शॉपच्या इंजिनिअरशी बोलून त्याचा फॉर्मही बदलायला हवा. तक्ता बदलला आणि फॉर्म तसाच राहिला, तर मार्चमध्ये तो माणूस ५ टक्के गाठून पूर्ण गुण मागेल आणि त्याचं बरोबर असेल.

दुसऱ्या ओळीतल्या "नोंद नाही" ने दचकू नका. नवी व्याख्या ठरली, तर एप्रिल ते जूनच्या लॉगबुकवरून पाया काढायचा आणि मग टार्गेट. जुन्या व्याख्येचे ४५ मिनिटं घेऊन नव्या व्याख्येचं टार्गेट ठरवलंत तर पहिल्याच महिन्यात सगळे नापास.

विभागप्रमुखांकडे जाण्याआधी कच्च्या शीटवर परत या. शेवटचा "ही ओळ कुठे गेली" रकाना कुठेही रिकामा नको. प्रत्येक ओळ चारपैकी एका ठिकाणी गेलेली असावी: तक्त्यातल्या अमुक ओळीत, कामांच्या यादीत, वैयक्तिक, किंवा प्रलंबित. उलटही पाहा. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीमागे निदान एका माणसाचा फॉर्म आहे का? विभागप्रमुखांनी तोंडी सांगितलेलं एखादं उद्दिष्ट, जसं की कंत्राटी कामगारांचा खर्च, तक्त्यात येतं आणि चौदापैकी एकाच्याही फॉर्ममध्ये नसतं. तेही दाखवून द्या.

तुमचा कारखाना वाहन उद्योगातला आहे, म्हणजे बहुधा आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र असेल. त्यातल्या कलम ८.५.१.५ मध्ये मेंटेनन्सची लिखित उद्दिष्टं मागितली आहेत. उदाहरण म्हणून ओईई, एमटीबीएफ, एमटीटीआर दिलेत आणि पीएमच्या पूर्ततेचं मोजमापही आहे. या उद्दिष्टांची कामगिरी व्यवस्थापन आढाव्यात गेली पाहिजे असंही तिथे म्हटलंय. विभागप्रमुखांकडे ऑडिटसाठी केलेला असा एक तक्ता आधीच असण्याची दाट शक्यता आहे. तो आजच मागून घ्या. त्यात पीएम १०० टक्के आणि तुमच्या तक्त्यात ९५ असं असेल तर ऑडिटर दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारेल. दोन तक्ते चालवण्यापेक्षा एकच ठेवा, त्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, आणि वर्षात टार्गेट बदललं तर जुना आकडा खोडून न टाकता नवी आवृत्ती काढून कारण एका ओळीत लिहा. पुढच्या एप्रिलमध्ये फॉर्म वाटताना मात्र कोरे वाटू नका. मोजमाप, व्याख्या आणि गेल्या वर्षीचा आकडा आधीच छापून द्या, माणसाने फक्त आपलं टार्गेट भरायचं.